बेंझोकेन: शेवटाकडून सुरुवातीकडे

तोंड आले की फोडांवर लावायच्या काही जेलमध्ये आणि घसा दुखतो तेव्हा चघळायच्या काही गोळ्यांमध्ये बेंझोकेन असते. लागलेली जागा ते थोडा वेळ बधिर करते. रेणू तसा लहानच. मधोमध बेंझीनचे सहा कार्बनचे वलय, त्याच्या एका टोकाला अमिनो गट आणि बरोबर समोरच्या टोकाला इथाइल एस्टर. एम.एस्सी.च्या वर्गात ‘या रेणूचे रेट्रोसिंथेटिक विश्लेषण लिहा’ अशी असाइनमेंट द्यायला तो फार सोयीचा आहे, कारण रेणू तोडणे सोपे असले तरी पायऱ्यांचा क्रम चुकण्याच्या जागा त्यात भरपूर आहेत.

पद्धत अशी, की हवा असलेला रेणू आधी मांडायचा आणि मग ‘याच्या आधी काय असेल?’ असे विचारत, बाजारात सहज मिळणाऱ्या पदार्थापर्यंत मागे यायचे. हार्वर्डचे ई. जे. कोरी यांनी या विचाराला शिस्तीचे रूप दिले आणि त्यांना १९९० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मागे जाणारी प्रत्येक पायरी ⇒ अशा दुहेरी बाणाने दाखवतात. या बाणावर आम्ल, उत्प्रेरक, तापमान काहीही लिहायचे नसते. तिथे फक्त कोणता बंध तोडला किंवा कोणता गट बदलला एवढेच येते. प्रत्यक्ष अभिक्रिया नंतर, साध्या बाणांनी, वेगळ्या लिहायच्या.

बेंझोकेनमध्ये पहिला घाव एस्टरवर पडतो. कार्बन आणि ऑक्सिजनमधला बंध तोडला की एका बाजूला पॅरा-अमिनोबेंझॉइक आम्ल राहते, दुसऱ्या बाजूला इथेनॉल. पुढे मात्र तोडण्यासारखे सोपे काही उरत नाही. अमिनो गट वलयावर थेट बसवणारे सोयीचे अभिकर्मक हाताशी नसते; नायट्रो गट मात्र नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणाने सहज बसतो आणि क्षपण केले की त्याचाच अमिनो होतो. म्हणून मागे जाताना अमिनोच्या जागी नायट्रो लिहायचा. तसेच आम्लगटाच्या जागी मिथाइल लिहायचा, कारण वलयावरच्या मिथाइलचे ऑक्सिडीकरण करून आम्लगट मिळतो. आता उरतो पॅरा-नायट्रोटोल्युईन. त्याचा नायट्रो गट काढला की हाती येते टोल्युईन, जे रंगांच्या थिनरमध्येही वापरले जाते.

इथवर बहुतेक विद्यार्थी पोचतात. उत्तराचा कस लागतो तो या पायऱ्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या, इथे.

समजा, कुणी टोल्युईनचे आधी ऑक्सिडीकरण केले आणि मग नायट्रेशन. कागदावर गट तेच दिसतात. पण आम्लगट वलयातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो आणि नव्या गटाला समोरच्या जागेऐवजी मेटा जागेवर पाठवतो. मिळते मेटा-नायट्रोबेंझॉइक आम्ल: सूत्र C₇H₅NO₄, हव्या असलेल्या आम्लाचेही तेच आणि रेणुभारही तोच. फरक कळतो तो वितळणांकावरून. पॅरा आम्ल साधारण २४० अंश सेल्सिअसला वितळते, मेटा १४० च्या आसपास. मिथाइल गट मात्र नायट्रोला ऑर्थो आणि पॅरा जागी पाठवतो. म्हणून वलयावर मिथाइल आहे तोवरच नायट्रेशन उरकायला हवे.

दुसरी चूक म्हणजे नायट्रोचा अमिनो आधीच करून टाकणे. मिथाइलला आम्लगटापर्यंत नेणारे पोटॅशियम परमँगनेट उघड्या अमिनो गटालाही सोडत नाही, आणि फ्लास्कमध्ये काळपट, चिकट गाळ उरतो. तेव्हा ऑक्सिडीकरण आधी, क्षपण नंतर.

योग्य क्रमालाही किंमत मोजावी लागतेच, आणि चांगल्या उत्तरात ती लिहिलेली असते. टोल्युईनच्या नायट्रेशनमध्ये सुमारे ६० टक्के माल ऑर्थो जातीचा निघतो, पॅरा ४० टक्क्यांहून थोडा कमी. सुदैवाने पॅरा-नायट्रोटोल्युईन ५२ अंशांच्या आसपास वितळते, तर ऑर्थो खोलीच्या तापमानाला द्रवच असते. मिश्रण थंड केले की पॅराचे बरेचसे स्फटिक वेगळे होतात. निम्म्याहून अधिक माल मात्र या रेणूच्या कामाचा नसतो.

शेवटच्या दोन पायऱ्यांत निवडीला वाव आहे. नायट्रो आम्लाचा एस्टर आधी करून मग पॅलॅडियमवर हायड्रोजनने क्षपण करता येते, किंवा उलट. क्षपण आधी केले, तर इथेनॉल आणि संहत सल्फ्युरिक आम्लासोबत उकळताना अमिनो गटही प्रोटॉन उचलतो. तयार झालेला एस्टर त्यामुळे क्षाराच्या रूपात आम्लात विरघळलेला राहतो, आणि अभिक्रिया झालीच नाही असे वाटून कुणी फ्लास्क ओतूनही देईल. सोडियम कार्बोनेटचे द्रावण थोडे थोडे घालत गेले की फेस येतो, आम्ल मारले जाते आणि बेंझोकेनचा पांढरा साका खाली बसतो. गाळून, पुन्हा स्फटिक करून वाळवला की तो ९० अंशांच्या आसपास वितळला पाहिजे.