कुरडूच्या तुऱ्यांचे टिकाऊ द्वारकडे

दसऱ्यास दारी बांधलेले झेंडूचे तोरण तिसऱ्या-चौथ्या दिवशी माना टाकते. बीड जिल्ह्यातून अनेक कुटुंबे सणानंतर ऊसतोडणीस जातात. त्यांच्या कुलूपबंद दारावर ते तोरण महिनोन् महिने तसेच काळवंडत राहते. याउलट कोकणात नवान्न पौर्णिमेस भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने व कुरडूची फुले यांचे 'नवे' दारास बांधतात, ते बराच काळ टिकते. त्यातील कुरडू आपल्या रानातही उदंड आहे. कपाशीत व तुरीत तण म्हणून आपण ती उपटून टाकतो. तिचेच तारेवर गुंफलेले गोल कडे दारावर कसे टिकवावे, ते येथे सांगितले आहे.

कुरडूचे फूल मुळातच कागदासारखे कोरडे असते. म्हणून वाळल्यावर त्याचा आकार बिघडत नाही. गुलाबी शेंडा मात्र फिकट होऊन रुपेरी दिसू लागतो. झेंडूच्या फुलाचा तळ जाड व ओलसर असल्याने तो आतून बुरसतो. तेव्हा प्रथम प्रयत्न कुरडूवरच करावा.

तुरे कापण्याची वेळ सर्वांत महत्त्वाची आहे. तुरा तळहातावर धरून त्याचा खालचा भाग चोळून पाहावा. काळे, चकचकीत बी गळू लागले असेल, तर तो तुरा घेऊ नये. असा तुरा दारावर झडतो आणि त्याचे बी अंगणातून पुन्हा शेतात जाते. बी पिकण्यापूर्वी तुरे कापल्यास कडेही टिकते व पुढील वर्षीचे तणही काही अंशी कमी होते.

दिवाळीसाठी कडे करावयाचे असल्यास घटस्थापनेच्या सुमारास, दव वाळल्यावर सुमारे १२० तुरे दांड्यासह कापावेत. पाने ओरबाडून काढावीत आणि दहा-दहांच्या जुड्या रबराने बांधाव्यात. वाळताना दांडे आकसतात. सुतळीची गाठ सैल होऊन तुरे निसटतात, रबर मात्र घट्ट राहते. या जुड्या हवा खेळती असलेल्या अंधाऱ्या खोलीत उलट्या टांगाव्यात. उन्हात रंग लवकर उडतो. त्याच दिवशी आंब्याची जून, लहान अशी ४५ पाने वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर पाटा ठेवावा. कागद दोन-तीन दिवसांनी बदलावा. कोवळी पाने सुरकुततात, म्हणून ती घेऊ नयेत.

दोन ते तीन आठवड्यांत तुरे वाळतात. परतीचा पाऊस लागल्यास अधिक दिवस लागतात. दांडा वाकवून पाहावा. कट्‌कन मोडला तर तो वाळला. नुसता वाकला तर आत ओल आहे. ओला दांडा गुंफल्यास आठवड्याभरात करडे डाग पडतात व कुबट वास येतो.

सांगाड्यासाठी जाड जस्ती तार १०५ सें.मी. घ्यावी. तिचे ३० सें.मी. व्यासाचे कडे होते. त्याचा घेर सुमारे ९४ सें.मी. भरतो, उरलेली तार टोके एकमेकांवर पिळण्यासाठी असते. साध्या तारेला दमट हवेत गंज चढतो व डाग पडतात. कड्यावर जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळावी, म्हणजे जुड्या घसरत नाहीत.

आता पाच तुरे व दोन पाने यांची, दांडे वीतभराहून आखूड कापून, एक जुडी करावी. ती कड्यावर आडवी ठेवून बारीक तारेचे तीन वेढे ओढून द्यावेत. तार न तोडता पुढील जुडी ५ सें.मी. अंतरावर अशी ठेवावी, की तिच्या तुऱ्यांखाली आधीचे दांडे झाकले जातील. सर्व जुड्यांचे तोंड एकाच दिशेस असावे. अशा १९ जुड्यांत कडे पूर्ण होते, म्हणजे ९५ तुरे लागतात. बाकीचे मोडतोडीस राहतात. शेवटच्या जुडीचे दांडे पहिल्या जुडीच्या तुऱ्यांखाली सरकवावेत व तारेचे टोक मागे वळवावे, म्हणजे हातास लागणार नाही.

बाजरीचे कणीस लावावयाचे असल्यास मळणी केलेले, रिकामे घ्यावे. दाणे असल्यास त्यास कीड लागते व चिमण्या, उंदीर कडे कुरतडतात.

कडे पावसाची झड व दुपारचे ऊन न लागेल अशा दारावर, घट्ट खिळ्यास टांगावे. आपटणाऱ्या दारावर ते झडते. तेथे चौकटीवर लावावे. वाळलेला तुरा क्षणात पेट घेतो, म्हणून दिवाळीच्या पणत्या त्याच्याखाली वा जवळ ठेवू नयेत. इतकी काळजी घेतल्यास कडे कित्येक आठवडे चांगले राहते. पुढे तुरे झडू लागले की ते उतरवून जाळावे, उकिरड्यावर टाकू नये. राहिलेले बी शेणखताबरोबर शेतात जाईल. तारेचे कडे मात्र पुढील वर्षासाठी जपून ठेवावे.