शिबिराची हजेरीवही वाचताना

वार्षिक शिबिर पुढे चालवावे की बंद करावे, हे ठरवताना समितीपुढे बहुधा एकच आकडा येतो. ‘तीन दिवसांत उपस्थिती २१०’ असे लिहिले, तरी ती २१० माणसे नव्हेत. रोजच्या सह्या व अंगठे ९०, ७० आणि ५०. बेरजेत तीच माणसे पुन्हा आली. नावे जुळवली की माणसे ९०च भरतात.

समजा, गेल्या वर्षी अशीच मोजलेली माणसे १२० होती. म्हणजे ३० घटली. लगेच ‘लोकांना रस उरला नाही’ म्हणू नये. आधी दोन्ही वह्या पाडावार लावून पाहाव्यात. घटलेल्यांतले २८ दोनच पाड्यांचे निघाले, तर कारण त्या पाड्यांत शोधायचे. ठाणे-पालघरकडची अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. गेल्या वर्षीचे शिबिर दिवाळीपूर्वी होते आणि यंदाचे डिसेंबरात, तर दोष तारखेचा असू शकतो.

मात्र न येण्याचे कारण वही सांगत नाही. त्यासाठी पाड्यावर जाऊन विचारावे लागते, आणि घरी असूनही न आलेल्यांना सर्वांत आधी.