साडेचार लाख कुठे राहिले?

माझ्या भाचीला घरखरेदीचा सल्ला देणाऱ्या एका छोट्या कार्यालयाकडून काम मिळालं होतं. 45 सेकंदांचा व्हिडिओ करायचा, विषय गृहकर्जाचा अर्ज करताना होणाऱ्या तीन चुका. सुरुवातीचं वाक्य, म्हणजे ज्याला ही मुलं हुक म्हणतात ते, आणि व्हिडिओखालची कॅप्शन तिने लिहायची होती. मी बरीच वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली, म्हणून तिने पहिला मसुदा मला दाखवला. त्यात लिहिलं होतं : "होम लोन घेताय? थांबा! या 3 चुका तुम्हाला महागात पडतील!"

"मावशी, कसं वाटतंय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "यात होम लोनच्या जागी मोबाईल घाल, नाहीतर लग्नाचा हॉल घाल. काही बिघडतं का?"

तिच्या लक्षात आलं. व्हिडिओ बघणारा माणूस अंगठा वर सरकवायचा की नाही, हे पहिल्या दोन-तीन सेकंदांत ठरवतो. तेवढ्या वेळात त्याला "हे माझ्याबद्दल आहे" असं वाटायला हवं. नुसतं घाबरवून ते होत नाही, कारण घाबरवणारी वाक्यं तो दिवसभर ऐकत असतो. मात्र ज्याने पाच वर्षं पैसे साठवून फ्लॅट बघायला सुरुवात केली आहे, त्याच्या डोक्यात एक आकडा पक्का बसलेला असतो. त्या आकड्याला धक्का लागला की तो थांबतो. म्हणून मी तिला सांगितलं, आधी वाक्य शोधू नकोस, आधी हिशोब कर.

आम्ही कागद घेतला. पुण्यात महापालिका हद्दीत 60 लाखांचा जुना, म्हणजे दुसऱ्याकडून विकत घ्यायचा फ्लॅट. नवरा-बायको दोघं नोकरी करणारे, हातात येणारा एकत्र पगार 84 हजार. त्यांनी ऐकलेलं असतं की बँक 80 टक्के देते, आपण 20 टक्के भरायचे. वीस टक्के म्हणजे 12 लाख, आणि ते साठले आहेत.

ते 80 टक्के खरे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, 30 ते 75 लाखांच्या कर्जाला 80 टक्क्यांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कर्जाला 75 टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. अडचण "घराची किंमत" या शब्दांत आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरायचा नसतो. दहा लाखांपर्यंतच्या घराला तेवढी सूट आहे, पण पुण्यात त्या भावात घर कुठे मिळणार? पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 60 लाखांवर 4 लाख 20 हजार. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30 हजार. दोन्ही मिळून साडेचार लाख, आणि ते सगळे स्वतःच्या खिशातून. बारा लाख साठवलेल्या जोडप्याला प्रत्यक्षात साडेसोळा लाख लागतात. दलाली, सोसायटीचं हस्तांतरण, बँकेची प्रक्रिया फी, हे त्यावर वेगळं.

हे दुःख मी टेबलापलीकडून कितीदा पाहिलं आहे. मंजुरीचं पत्र हातात असतं, विकणाऱ्याला इसार दिलेला असतो आणि नोंदणीच्या आठवडाभर आधी कळतं की साडेचार लाख कमी आहेत. मग माणूस घाईघाईने वैयक्तिक कर्ज काढतो. त्याचा हप्ता गृहकर्जाच्या हप्त्याशेजारी जाऊन बसतो, आणि बँकेला ते रक्कम देण्याआधी दिसलं तर मंजूर रक्कमच कमी होऊ शकते.

भाचीने पेन उचललं आणि लिहिलं : "60 लाखांचा फ्लॅट. 12 लाख जवळ आहेत. तरी साडेचार लाख कमी पडतात." हा हुक झाला. यात एकही उद्गारचिन्ह नाही. बारा लाख साठवलेला माणूस हे ऐकून पुढे सरकू शकत नाही, कारण साडेचार लाख कुठे राहिले ते त्याला कळायलाच हवं.

बोलायचं वाक्य आणि पडद्यावर लिहायचं वाक्य मात्र वेगळं ठेवावं लागतं. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात, तेव्हा पडद्यावर एवढंच हवं : "12 लाख पुरत नाहीत". ठळक अक्षरांत, आणि पडद्याच्या मधोमध किंवा थोडं वर. खालच्या बाजूला खातेदाराचं नाव आणि कॅप्शन येते, उजवीकडे बटणं असतात, तिथली अक्षरं झाकली जातात.

दुसरी चूक चालू हप्त्यांची. बँक पगार बघते तेव्हा त्यातून सध्या चाललेले सगळे हप्ते वजा करते. ढोबळमानाने हातातल्या पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ते चालतील असं धरलं, तर आपल्या जोडप्याला महिना 42 हजारांचा हप्ता झेपतो. व्याज साडेआठ टक्के आणि मुदत 20 वर्षं असेल तर एक लाखाला साधारण 868 रुपये हप्ता बसतो. म्हणजे त्यांना 48 लाखांवर थोडं कर्ज मिळू शकतं, आणि त्यांना 48 लाखच हवे आहेत. बरोबर जमलं. पण समजा स्कूटर आणि नवा टीव्ही मिळून त्यांचा 9 हजारांचा हप्ता चालू आहे आणि अजून 11 महिने राहिले आहेत. उरले 33 हजार, त्यावर कर्ज मिळेल 38 लाख. अकरा महिन्यांचे ते हप्ते सगळे मिळून 99 हजारांचे, आणि त्यांच्यापायी कर्ज दहा लाखांनी खाली आलं!

यातून निघणारा सल्लाही आकड्यातच सांगता येतो. जवळचे लाखभर रुपये देऊन ती दोन कर्जं अर्जाआधी मिटवली आणि थकबाकी नसल्याचा दाखला घेतला, तर दहा लाखांची पात्रता परत येते. काही बँका थोडेच हप्ते उरलेलं कर्ज हिशोबात धरत नाहीत, पण प्रत्येकीचा नियम वेगळा, म्हणून आधी विचारलेलं बरं. व्हिडिओत या चुकीला भाचीने एकच वाक्य दिलं : "टीव्ही-स्कूटरचा 9 हजारांचा हप्ता, घराचं कर्ज 10 लाखांनी कमी." बिनव्याजी हप्त्यावर घेतलेला फोनसुद्धा कर्जच असतो, हे तिला घालायचं होतं. जागा नव्हती, ते कॅप्शनमध्ये गेलं.

तिसऱ्या चुकीवर आमचा थोडा वाद झाला. तिने कुठेतरी ऐकून लिहिलं होतं, "स्कोअर सारखा तपासू नका, कमी होतो." हे खोटं आहे. आपण स्वतः आपला क्रेडिट रिपोर्ट बघितला तर स्कोअरला काही होत नाही. कर्जासाठी अर्ज केल्यावर बँक तो मागवते, त्याची नोंद राहते. आठ दिवसांत पाच ठिकाणी अर्ज टाकले की रिपोर्टमध्ये पाच चौकश्या ओळीने दिसतात आणि सहाव्या बँकेला वाटतं, या माणसाला पैशांची फार निकड आहे. लोक असं का करतात तेही मला ठाऊक आहे. पहिल्या बँकेने नाही म्हटलं की कारण न विचारता दुसऱ्या दारात जातात, आणि कारण बहुतेक वेळा रिपोर्टमध्येच असतं.

एक उदाहरण नेहमी भेटतं. जुनं क्रेडिट कार्ड, वापर बंद, पण वार्षिक फी लागत राहिली. कधीतरी वसुलीचा फोन आला, माणसाने तडजोड करून थोडे पैसे भरले आणि विषय संपला असं समजला. रिपोर्टमध्ये मात्र ते खातं "बंद" असं न दिसता "तडजोडीने मिटवलं" असं दिसतं. घराच्या कर्जाला ही नोंद आड येते. उपाय आहे. उरलेली रक्कम भरून बँकेकडून पूर्ण फेडीचं पत्र घ्यायचं आणि नोंद बदलून घ्यायची. नोंदच चुकीची असेल तर तक्रार करायची, तिचा निकाल 30 दिवसांत लागायला हवा, नाहीतर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. अर्जाच्या किमान तीन महिने आधी तो बघितला, तर दुरुस्तीला वेळ राहतो.

ही चूक शेवटी ठेवायची असं आम्ही ठरवलं, कारण तिच्यावरचा उपाय बघणाऱ्याला त्याच रात्री करता येतो. व्हिडिओतलं वाक्य झालं : "पाच बँकांत अर्ज टाकण्याआधी स्वतःचा रिपोर्ट बघा. तो फुकट आहे, बघितल्याने स्कोअर कमी होत नाही."

45 सेकंदांत सावकाश बोललं तर साधारण शंभर शब्द मावतात. तिन्ही चुका तेवढ्यात बसल्या, पण अटी बसेनात. मुंबईत मुद्रांक शुल्क 6 टक्के आहे. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सवलत मिळते, पुण्याच्या आपल्या फ्लॅटवर ती 60 हजारांची. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा जुन्या फ्लॅटवर नाही. हे न सांगता "साडेचार लाख" म्हटलं, तर मुंबईचा माणूस चुकीचा आकडा धरून बसेल. कॅप्शनचं खरं काम हेच. व्हिडिओने ज्याला थांबवलं, त्याला स्वतःचा हिशोब करता यावा. कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं दाबून उघडावं लागतं, म्हणून भाचीने मुख्य गोष्ट पहिल्याच ओळीत ठेवली. तिची शेवटची कॅप्शन अशी :

"बँक घराच्या किमतीवर कर्ज देते, मुद्रांक शुल्कावर नाही. 
हिशोब पुणे महापालिका हद्दीतल्या 60 लाखांच्या जुन्या फ्लॅटचा : स्वतःचे 12 लाख + मुद्रांक शुल्क 4.20 लाख + नोंदणी 30 हजार = 16.50 लाख. 
तुमच्या शहराचा दर वेगळा असेल, फक्त महिलेच्या नावावर 1 टक्का कमी. बांधकाम चालू असेल तर जीएसटी वेगळा. 
अर्जाआधी छोटे हप्ते मिटवा. बिनव्याजी हप्त्यावरचा फोनही त्यात धरा. 
क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट, तीन महिने आधी बघा. 
कर्जाचा हिशोब साडेआठ टक्के आणि 20 वर्षं धरून. दर बदलतात, सहीआधी बँकेकडून मुख्य तथ्य पत्रक मागा, त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो."

कार्यालयातल्या माणसाला शेवटी "100 टक्के लोन मिळवून देऊ, आजच फोन करा" असं हवं होतं. भाचीने ते लिहायला नकार दिला, कारण वर त्याच व्हिडिओत बँक 80 टक्क्यांपर्यंतच देऊ शकते असं सांगितलं होतं. दोन दिवस त्याचा निरोप आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने ती ओळ काढायला सांगितली आणि विचारलं, नाशिकच्या आकड्यांचा असाच एक व्हिडिओ होईल का?