स्पीड टेस्ट ९५, तरी टीव्ही अडतो

सामना ऐन रंगात येतो आणि हॉलमधल्या टीव्हीवर गोल चक्र फिरू लागतं. बेडरूममध्ये लॅपटॉपवर स्पीड टेस्ट केली तर ९५ एमबीपीएस. इंटरनेटवाल्याला फोन केला की तो म्हणतो, 'आमची लाइन ओके आहे.' बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो.

स्पीड टेस्ट लॅपटॉपपर्यंतचा वेग मोजते. शिवाय ती बहुधा जवळचाच सर्व्हर निवडते आणि एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, म्हणून आकडा भरघोस येतो. टीव्हीला मात्र व्हिडिओ ज्या सर्व्हरवर आहे तिथूनच मागवावा लागतो, तोही भिंतीआड बसून. शिवाय थेट सामना आधीपासून साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे तो सिनेमापेक्षा लवकर अडतो.

एका फ्लॅटचं उदाहरण घेऊ. फायबर दारातून आत येते, म्हणून राउटर बेडरूममध्ये बसवलाय. हॉल दोन भिंतींपलीकडे. टीव्हीवर यूट्यूबचा एखादा 4K व्हिडिओ लावून दर्जा तिथेच पक्का करायचा आणि सेटिंग्जमधलं Stats for nerds उघडायचं. Connection Speed साधारण 6000 Kbps दिसतो, म्हणजे ६ एमबीपीएस. 4K ला यूट्यूब सुमारे २० सांगतं. Buffer Health म्हणजे पुढचे किती सेकंद साठलेत ते. तो आकडा २५ वरून हळूहळू शून्याकडे घसरला आणि चित्र थांबलं, की टीव्हीला माल कमी पडतोय हे नक्की. दर्जा ऑटोवर ठेवलात तर चित्र नुसतं धूसर होईल आणि रोग लपेल.

आता राउटरपासून टीव्हीपर्यंत तात्पुरती लांब लॅन केबल ओढा. लोकांना हा खटाटोप वाटतो, पण निम्मा तपास इथेच होतो. केबल लावल्यावर Buffer Health भरलेला राहिला, तर दोष वाय-फायचा. २.४ गिगाहर्ट्झचा बँड भिंतीपार जातो, पण इमारतीतले सगळे राउटर तिथेच गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, मात्र भिंतींनी लवकर दमतो. म्हणून राउटर हॉलकडे सरकवणं किंवा केबल कायमची टाकणं हाच खरा उपाय. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, त्यामुळे मोठा प्लॅन घेऊनही केबलवर आकडा ९० च्या आसपास दिसेल. व्हिडिओला तेवढा पुष्कळ झाला.

केबल लावूनही अडकत असेल, तर दुसरं ॲप लावून बघा. एकच ॲप अडत असेल तर त्याचा कॅशे साफ करा, ते अपडेट करा. सगळीच अडत असतील तर टीव्हीला मोबाइलचा हॉटस्पॉट द्या. त्यावर नीट चाललं, तर राउटर किंवा लाइन संशयित ठरते. मग रात्री नऊला, नेमकं अडतं त्याच वेळी, लॅपटॉपही केबलने जोडून fast.com वर मोजा. ती चाचणी नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून होते. तिथे आकडा पडला, तर इंटरनेटवाल्याला तारीख-वेळेसह तोच सांगा. 'लाइन ओके' म्हणायला त्याला मग जड जाईल.