सत्तर टक्क्यांची अट

स्वतःचं ई-पुस्तक स्वतः प्रकाशित करणाऱ्या मराठी लेखकासमोर अपलोड करताना एक छोटीशी चौकट येते: पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’मध्ये नोंदवायचं का? टिचकी मारली की पुस्तक ‘किंडल अनलिमिटेड’च्या वर्गणीदारांना वाचायला खुलं होतं. त्या बदल्यात ९० दिवस ते ई-पुस्तक अ‍ॅमेझॉनखेरीज कुठंही ठेवायचं नाही. गूगल प्ले बुक्स, कोबो, बुकगंगा ही दुकानं तेवढ्या काळापुरती बंद. मुदत संपली की नोंदणी आपोआप पुढं सरकते.

अट फक्त डिजिटल मजकुराला आहे. छापील आवृत्ती कुठल्याही दुकानात ठेवा, ऑडिओबुक कुणालाही द्या. मराठी लेखक अडकतो तो दुसरीकडेच. कादंबरीची प्रकरणं आधी प्रतिलिपीवर टाकलेली असतात, ती तिथं फुकट असली तरी अटीचा भंग होतो. कथासंग्रहातल्या दोन-तीन कथा एखाद्या दिवाळी अंकाच्या ई-आवृत्तीत विकल्या जात असतात, आणि लेखकाला त्याची आठवणही नसते. नमुना म्हणून इतरत्र दहा टक्क्यांपर्यंतच मजकूर चालतो. बारा कथांपैकी दोन बाहेर असल्या की ही मर्यादा बहुधा ओलांडली जाते. त्यामुळे नोंदणीआधी आपलं नाव आणि शीर्षक टाकून एकदा शोध घ्यावा.

आता पैशांकडे वळू. अमेरिका-इंग्लंडमधल्या लेखकांचे सल्ले वाचून निर्णय घेणारे इथं फसतात. अमेरिकेत ठरावीक किंमत-पट्ट्यात बसणाऱ्या पुस्तकावर ७० टक्के रॉयल्टी मिळते, मग ते सिलेक्टमध्ये असो वा नसो. भारतातल्या विक्रीवर मात्र ७० टक्के हवे असतील तर सिलेक्टमध्ये असावंच लागतं, नाहीतर ३५ टक्के. म्हणजे भारतीय लेखक बाहेर पडला की वर्गणीदार गमावतोच, शिवाय अ‍ॅमेझॉनवर भारतात होणाऱ्या प्रत्येक विक्रीतलं उत्पन्नही निम्मं होतं.

एक कादंबरी घेऊ, किंमत १५० रुपये. कर आणि फाइल पोहोचवण्याचा किरकोळ खर्च सोडून देऊ. सिलेक्टमध्ये एका प्रतीमागे १०५ रुपये, बाहेर साडेबावन्न. वर्षात भारतात शंभर प्रती खपल्या तर फरक ५,२५० रुपयांचा. त्यात वर्गणीदारांनी वाचलेली पानं मिळवायची. ही पानं अ‍ॅमेझॉन स्वतःच्या मापानं मोजतं, आणि एका वाचकानं पहिल्यांदा वाचलेलं पानच धरतं. दर महिन्यागणिक बदलतो, देशागणिक वेगळा असतो. हिशेबापुरते पानाला दहा पैसे समजू. २५० पानांची कादंबरी पूर्ण वाचली गेली की २५ रुपये. अशी दोनशे वाचनं झाली तर ५,००० रुपये. एकूण सव्वादहा हजारांची ही तूट गूगल प्लेवर भरून काढायची, तर तिथल्या ७० टक्के दरानं जवळपास शंभर प्रती खपायला हव्यात. मराठी पुस्तकाच्या बाबतीत हा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

हाच हिशेब कवितासंग्रहाला लावला की चित्र पालटतं. चाळीस पानांचा संग्रह अथपासून इतिपर्यंत वाचला तरी चार रुपये हाती येतात, आणि वर्गणीदार तो विकत तर घेणारच नाही. पानांवर पैसे मिळण्याची पद्धत २०१५ मध्ये आली, आणि तेव्हापासून ती लांबलचक रहस्यकथा आणि मालिका लिहिणाऱ्यांच्या बाजूनं झुकलेली आहे. पाककृतींचं किंवा संदर्भाचं पुस्तक लोक हवं तिथं उघडून चार पानं बघतात. अशा पुस्तकाला वर्गणीतून काय मिळणार?

म्हणून माझं मत असं की निर्णय लेखकाचा नव्हे, पुस्तकाचा असावा. नोंदणीही पुस्तकागणिकच होते. भारतातल्या वाचकांसाठी लिहिलेली पहिली जाडजूड कादंबरी सिलेक्टमध्ये ठेवावी, कविता आणि माहितीपर पुस्तकं सगळीकडे पसरावीत. केडीपीच्या अहवालात देशवार विक्री आणि वाचलेली पानं वेगवेगळी दिसतात. दोन मुदतींनंतर ते आकडे शेजारी ठेवून पाहावं. पानं नगण्य आणि विक्री मुख्यतः अमेरिकेतल्या मराठी वाचकांकडून होत असेल, तर बाहेर पडून फारसं काही जात नाही.

बाहेर पडताना घाई नडते. आपोआप नूतनीकरणाची खूण काढली म्हणजे करार संपला असं नव्हे, तो मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालू राहतो. ती तारीख बघून, ती उलटल्यावरच दुसऱ्या दुकानात फाइल चढवावी. त्याआधी ज्यांनी पुस्तक वर्गणीवर उतरवून घेतलंय, ते ते सावकाश वाचत राहतात, आणि त्या पानांचे पैसे नंतरही जमा होतात.