‘योग्य ती कार्यवाही करावी’ म्हणजे नेमकं काय करावं?

ग्राहकांच्या बहुतेक तक्रारी एकाच वाक्याने संपतात : ‘तरी आपण योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती.’ वरची दोन पानं तपशीलवार असतात. कधी घेतलं, कुठून घेतलं, कोण उद्धटपणे बोललं, किती वेळा फोन केला, सगळं येतं. मात्र आपल्याला काय हवं आहे, ते येत नाही. कार्यवाही कोणती योग्य, हे ठरवायचं काम आपण ज्याच्याविरुद्ध तक्रार करतो आहोत त्याच्याच हाती देतो. मग तो त्याला सर्वांत स्वस्त पडेल ती कार्यवाही करतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कुटुंबाने मार्चमध्ये 34,500 रुपयांचा फ्रिज घेतला. दोन आठवड्यांत त्याचं थंड होणं बंद झालं. कंपनीचा माणूस आला आणि गॅस भरून गेला. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच घडलं आणि पुन्हा गॅस भरला गेला. मे महिन्यात तिसऱ्यांदा तेच झालं. बंद यंत्रणेतला गॅस वापरून संपत नाही, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. ती फ्रिजच्या भिंतीतल्या फोममागच्या नळीत असेल, तर घरी येऊन होण्यासारखी दुरुस्ती ती नव्हे.

या कुटुंबाने कंपनीला लिहिलं, ‘फ्रिज वारंवार बिघडतो, खूप मनस्ताप होतो, योग्य ती कार्यवाही करावी.’ कंपनीने चौथ्यांदा माणूस पाठवला, गॅस भरला आणि ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा मेसेज पाठवून दिला. कागदोपत्री कंपनीचं काही चुकलेलं नाही. कार्यवाही मागितली होती, ती तिने केली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) तक्रार नोंदवली तरी हेच होऊ शकतं, कारण हेल्पलाइन कंपनीकडे पाठपुरावा करते, आदेश देत नाही. ‘तंत्रज्ञ जाऊन आला, फ्रिज चालू आहे’ हे उत्तर मोघम तक्रारीला पुरतं.

आता त्याच कुटुंबाने असं लिहिलं असतं तर? ‘तीन वेळा गॅस भरूनही दोष गेलेला नाही. हाच किंवा समान क्षमतेचा नवा फ्रिज 15 दिवसांत द्यावा. ते शक्य नसल्यास 34,500 रुपये माझ्या बँक खात्यात परत करावेत. कूपन किंवा क्रेडिट नोट मला मान्य नाही. जुना फ्रिज कंपनीने स्वखर्चाने घेऊन जावा.’ याला उत्तर हो किंवा नाही असंच द्यावं लागतं. हो आलं तर प्रश्न मिटला. नाही आलं, तर तो लेखी नकार ग्राहक आयोगापुढे तुमच्या कामाचा कागद ठरतो. उत्तरच आलं नाही, तर मुदत घालून केलेली मागणी दुर्लक्षित झाली हे दिसतं.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 39 मध्ये आयोग काय काय देऊ शकतो याची यादी आहे. वस्तूतला दोष दूर करणं, निर्दोष नवी वस्तू देणं, किंमत व्याजासह परत करणं, निष्काळजीपणामुळे झालेल्या हानीची भरपाई देणं आणि तक्रारीचा खर्च देणं, ही आपल्या कामाची कलमं. यांतलं काय मागायचं हे तक्रारदाराने ठरवायचं असतं, आणि ही निवड रागाच्या भरात करू नये, कारण प्रत्येक मागणीला वेगळा पुरावा लागतो.

दुरुस्ती मागायला बिल, वॉरंटी कार्ड आणि बिघाडाची नोंद पुरते. वस्तू बदलून मागायची, तर दोष दुरुस्तीने जाणारा नाही हे दाखवावं लागतं, आणि इथेच बरेच जण अडकतात. एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये म्हटलं की, दोष एखाद्या भागापुरता असेल आणि तो भाग बदलून काम होणार असेल, तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. म्हणून आपल्या फ्रिजच्या प्रकरणात सर्वांत मोलाचा कागद म्हणजे जॉबशीट. माणूस नुसतं ‘गॅस भरला’ असं लिहून सही मागत असेल, तर ‘गळती कुठे आहे तेही लिहा’ असा आग्रह धरावा. तो लिहीत नसेल, तर आपणच सहीजवळ ‘दोष तिसऱ्यांदा, कारण सांगितलेले नाही’ एवढं लिहावं आणि फोटो काढून ठेवावा. वाद राहिलाच, तर वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेण्याची सोय कायद्यात आहे. मात्र तपासणीचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागू शकतं.

पैसे परत मागताना रक्कम, व्याजाचा दर आणि व्याज कोणत्या तारखेपासून, या तिन्ही गोष्टी लिहाव्यात. ‘व्याजासह’ एवढंच लिहिलं तर बिलाच्या तारखेपासून की तक्रारीच्या, हा प्रश्न उघडा राहतो. वर्षाला 9 टक्के मागितले, तर 34,500 रुपयांवर वर्षाचे 3,105 रुपये होतात. दर किती द्यायचा ते शेवटी आयोग ठरवतो, पण हिशेब आपण मांडलेला असावा.

भरपाईत मोघमपणा सर्वांत महाग पडतो. ‘शारीरिक व मानसिक त्रासापोटी पाच लाख’ ही ओळ सवयीने लिहिली जाते. 1986 च्या कायद्यात तक्रार कोणत्या आयोगाकडे जाणार हे ठरवताना मागितलेली भरपाईही धरली जात असे. आता फक्त दिलेली किंमत बघतात, आणि 50 लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे जातात. आकडा फुगवून आयोग बदलत नाही, मागणीवरचा विश्वास मात्र कमी होतो. दिल्लीतल्या एका हॉटेलच्या सलूनमध्ये केस चुकीचे कापल्याबद्दल राष्ट्रीय आयोगाने दोन कोटी रुपयांची भरपाई दिली होती. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेतली त्रुटी मान्य ठेवली, पण दोन कोटींचा आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवलं. भरपाईचा आकडा पुराव्यावर उभा राहिला पाहिजे, नुसत्या मागणीवर नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

म्हणून भरपाईचे दोन भाग करावेत. घरात कुणाला मधुमेह असेल आणि फ्रिज बंद पडल्यामुळे 1,840 रुपयांचं इन्सुलिन टाकून द्यावं लागलं असेल, तर ती वेगळी मागणी, सोबत औषध दुकानाचं बिल. मनस्तापाची रक्कम तिच्यापासून वेगळी लिहावी, आणि ती का, हेही सांगावं : तीन खेपांसाठी घेतलेल्या रजा, ऐन मे महिन्यात फ्रिजशिवाय काढलेले दिवस. समजा, दहा हजार मागितले. कारणं समोर असली की आयोगाला त्यातून काही कापायचं असलं तरी कशातून कापायचं ते कळतं. तक्रारीचा खर्च ही तिसरी, स्वतंत्र ओळ.

मागण्यांची मांडणी करतानाही एक चूक होते. ‘नवा फ्रिज द्यावा आणि पैसेही परत करावेत’ असं लिहिलं की दोन्ही मागण्या एकमेकींना खोडतात. पहिली मागणी कोणती आणि ती शक्य नसेल तरच दुसरी कोणती, हा क्रम स्पष्ट हवा. पर्याय द्यायलाच हवा, कारण ‘ते मॉडेल आता बनत नाही’ हे उत्तर हमखास येतं. शेवटी ‘इतर न्याय्य व योग्य आदेश व्हावेत’ ही ओळ जरूर असावी, पण तिच्यावर विसंबू नये. न मागितलेलं तिच्या आडून मिळेलच असं नाही.

मागणी कुणाकडे, हेही लिहायचं. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी दुकानदाराकडे, म्हणून दोघांनाही सामनेवाले करून ‘वैयक्तिक व संयुक्तपणे’ जबाबदार धरावं, अशी मागणी असावी. आदेश न पाळणाऱ्याला कलम 72 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 25 हजार ते एक लाख रुपये दंड होऊ शकतो. पण कुणी, कोणत्या तारखेपर्यंत, किती रक्कम द्यायची हे आदेशात असेल तरच तो मोडला की नाही ते सांगता येतं, आणि आदेश लिहिताना आयोगासमोर तुमच्याच मागण्या असतात.

मागण्या नेमक्या असल्या की तडजोडीचा फोनही लवकर येतो. ‘दहा हजार घ्या आणि मिटवा’ असं कुणी म्हणालं, तर ते दहा हजार कशापोटी, किमतीतले की भरपाईचे, हे ईमेलवर लिहून मागावं. त्याआधी ‘पूर्ण व अंतिम समाधान झाले’ अशा पावतीवर सही करू नये. उरलेली मागणी ठेवायची असेल, तर पावतीवरच तसं लिहावं : ‘ही रक्कम इन्सुलिनच्या नुकसानीपोटी मिळाली, फ्रिज बदलून मिळण्याची मागणी कायम आहे.’