ना-हरकत प्रमाणपत्राच्या अर्जाचे मुद्रितशोधन

नोकरी करत असताना पुढील शिक्षणासाठी नियोक्त्याकडे ना-हरकत प्रमाणपत्र मागणारा अर्ज सहसा एका पानाचा असतो. तो तपासताना शुद्धलेखनाइतकेच एका गोष्टीकडे पाहावे लागते : हा कागद वाचून अधिकाऱ्याला आणखी काही न विचारता निर्णय घेता येईल का?

उदाहरणार्थ, पंचायत समितीतील एका कनिष्ठ सहायकाला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून एम.ए. करायचे आहे. अर्ज जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे आहे. म्हणून ‘प्रति’खाली त्यांचे पदनाम आणि त्यानंतर ‘मार्फत : गटविकास अधिकारी’ अशी ओळ हवी. ती राहिली, तर अर्ज योग्य मार्गाने आला नाही म्हणून परत येऊ शकतो. पदनामापूर्वी ‘मा.’ लिहिले असेल, तर पुढचा ‘साहेब’ काढावा.

कच्च्या मसुद्यात असे वाक्य आहे : ‘मला पुढे शिकायची खूप इच्छा असून लवकरात लवकर एनओसी मिळावी.’ यातून इच्छा कळते, पण अभ्यासक्रम, विद्यापीठ आणि वर्ष कळत नाही. दुरुस्त वाक्य असे : ‘शैक्षणिक वर्ष २०२५-२६ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या एम.ए. (मराठी) या दूरशिक्षण अभ्यासक्रमास प्रवेश घेण्याचा माझा मानस आहे.’ घाई असेल, तर ‘लवकरात लवकर’ काढून प्रवेशाची अंतिम तारीख द्यावी. तारखेवरून टेबलावरच्या माणसाला निकड आपोआप कळते.

‘मानस आहे’ हे शब्द खरे आहेत का, हेही विचारावे. प्रवेश आधीच घेतलेला असेल, तर ती वस्तुस्थिती स्पष्ट लिहून कार्योत्तर परवानगी मागावी लागते. भाषा कितीही औपचारिक असली, तरी प्रवेशाच्या पावतीवरची तारीख लपत नाही.

सर्वांत जास्त काळजी हमीच्या वाक्याची घ्यावी. ‘शिक्षणामुळे माझ्या कामावर काहीही परिणाम होणार नाही’ असे जवळजवळ प्रत्येक मसुद्यात असते. पण परीक्षा कामाच्या दिवशी आली, तर रजा लागणारच. मग हेच वाक्य अर्जदारावर उलटते. त्याऐवजी जे पाळता येईल तेवढेच लिहावे : ‘अभ्यास कार्यालयीन वेळेव्यतिरिक्त करीन. परीक्षेच्या दिवसांसाठी देय व अनुज्ञेय रजेचा स्वतंत्र अर्ज सादर करीन.’ शिक्षणाचा खर्च स्वतः करणार असल्यास तेही एका वाक्यात सांगावे.

घरची परिस्थिती, लहानपणापासूनचे स्वप्न किंवा अधिकाऱ्यांची स्तुती यांवर निर्णय अवलंबून नसतो, म्हणून तो मजकूर गाळावा. विषयाच्या ओळीत ‘एनओसीबाबत’ऐवजी ‘उच्च शिक्षणासाठी ना-हरकत प्रमाणपत्र मिळण्याबाबत’ असे पूर्ण लिहावे. ‘आपला विश्वासू’, सही, नाव व पदनाम झाल्यावर सहपत्रांची यादी येते. यादीत लिहिलेला प्रत्येक कागद खरोखर जोडला आहे का, हे शेवटी पाहावे. अर्ज आवक विभागात देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यावी.